आठ पायऱ्यांचा पाढा: सीआरसी आणि तिचं २५६ ओळींचं कोष्टक

कोणतीही पीएनजी फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा आणि थेट शेवटी जा. चित्र आंब्याचं असो वा एक्स-रेचं, शेवटचे चार बाइट सहसा हेच दिसतील: `AE 42 60 82`. पीएनजी फाइल तुकड्यातुकड्यांची बनलेली असते आणि प्रत्येक तुकड्यामागे चार बाइटांची सीआरसी, म्हणजे तपासणीची संख्या, लिहिलेली असते. शेवटच्या तुकड्यात `IEND` या नावाखेरीज काहीच नसतं. त्यामुळे त्याची सीआरसीही सगळीकडे एकच येते.

सीआरसी ही भागाकारातली बाकी असते. अख्खा मजकूर ही एक लांबलचक द्विमान संख्या मानायची, ठरलेल्या भाजकाने भागायची आणि बाकी जपून ठेवायची. फाइल वाचताना पुन्हा भागायचं. बाकी जुळली नाही, तर काहीतरी बिघडलं आहे. नुसती बेरीज करून भागत नाही, कारण दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. बाकी मात्र अंकांच्या जागेवरही अवलंबून असते.

या भागाकारात हातचा नसतो. वजाबाकीच्या जागी एक्सॉर येतो: दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. झिप आणि पीएनजीमधल्या ३२ बिटांच्या सीआरसीचा भाजक उलट्या बिटक्रमात `EDB88320` असा लिहितात. शेवटचा बिट पाहायचा, सगळं एक घर उजवीकडे सरकवायचं आणि तो बिट १ असेल तर भाजकाशी एक्सॉर करायचा. एका बाइटसाठी हे आठ वेळा. एक एमबीच्या फाइलला अशा सुमारे ८४ लाख पायऱ्या लागतात.

इथे पाढ्यांची युक्ती कामी येते. आठ पायऱ्यांत भाजक कधी कधी मिसळायचा हे फक्त खालचे आठ बिट ठरवतात. वरचे चोवीस बिट नुसते खाली सरकतात. खालच्या आठ बिटांच्या शक्यता २५६च, म्हणून प्रत्येकीचं उत्तर आधीच काढून ठेवता येतं. प्रत्येक उत्तर चार बाइटांचं, म्हणजे सगळं कोष्टक एका केबीत मावतं. ही पद्धत नीट मांडणारा दिलीप सरवटे यांचा लेख १९८८ साली प्रसिद्ध झाला. आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा गाभा एका ओळीचा:

```c
crc = table[(crc ^ b) & 0xFF] ^ (crc >> 8);
```

`a` हे एकच अक्षर घेऊ. त्याचा बाइट `61`. सुरुवात शून्याने न करता `FFFFFFFF` ने करतात, नाहीतर सुरुवातीला शून्यं वाढली वा गळाली तरी बाकीत फरक पडणार नाही. `FF` आणि `61` यांचा एक्सॉर `9E`. कोष्टकात त्या घरात `17B7BE43` आहे. सरकवलेला भाग `00FFFFFF`. दोहोंचा एक्सॉर `174841BC`. शेवटी प्रत्येक बिट उलटला, म्हणजे ०चा १ आणि १चा ० केला, की उत्तर `E8B7BE43`.

आता साठवणीत एक बिट उलटला आणि `a` चा `c`, म्हणजे `63`, झाला असं धरा. नवी सीआरसी `06B9DF6F` येते. जुन्या आणि नव्या सीआरसीचा एक्सॉर काढला तर मिळतो `EE0E612C`, आणि कोष्टकातलं दोन क्रमांकाचं घर नेमकं हेच आहे! `61` आणि `63` यांच्यातला फरक दोनच ना. मला या पद्धतीत सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट: बदलाचा परिणाम फक्त बदलावर आणि त्याच्या जागेवर ठरतो, बाकीचा मजकूर काहीही असो.

कोष्टक स्वतः बनवलंत तर १२८ वं घर आधी पाहा. `80` हा बाइट सात वेळा सरकून १ होतो आणि आठव्या पायरीला भाजक जसाच्या तसा उमटतो, म्हणून तिथे `EDB88320` हवं. मग `123456789` या मजकुराची सीआरसी काढा. `CBF43926` आली नाही, तर बहुधा बिटक्रम चुकला आहे किंवा शेवटचं उलटणं राहिलं आहे.

सलग ३२ बिटांच्या पट्ट्यात मावणारा कोणताही बिघाड ही सीआरसी हमखास पकडते. इतस्ततः विखुरलेला बिघाड निसटण्याची शक्यता साधारण ४२९ कोटींत एक. मात्र बिघाड कुठे झाला हे ती सांगत नाही. आणि मजकूर मेमरीतच बिघडून मग सीआरसी काढली गेली, तर बिघडलेल्या मजकुराचीच सीआरसी लिहिली जाते आणि पुढे ती व्यवस्थित जुळत राहते.

मुद्दाम केलेल्या बदलापुढे ती हतबल आहे, आणि तेही त्याच सुंदर गुणामुळे. बदलाचा परिणाम आधीच काढता येत असल्याने, फाइल हवी तशी बदलून कुठलेतरी सलग चार बाइट असे निवडता येतात की सीआरसी पूर्वीचीच यावी. म्हणून उतरवून घेतलेली फाइल कुणी बदलली का, हे पाहायला SHA-256 वापरतात.