अख्खी अळशी अख्खीच का बाहेर पडते

आमच्या मावशीला कवळी आहे. गुहागरच्या घरी ती तीन महिने रोज सकाळी चमचाभर भाजलेली अळशी तोंडात टाकायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. चावायचा प्रश्नच नव्हता, कारण दाणा कवळीखाली गेला की हिरडीला टोचतो. एक दिवस ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अगो, हे तर जसंच्या तसं पडतंय! मग मी खात्येय ते कशासाठी?"

तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. आपल्याकडे अळशी भाजली की काम झालं असं समजतात. पण भाजणं आणि फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पोटाच्या दृष्टीने दुसरं जास्त महत्त्वाचं.

अळशीचा दाणा जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांब, चपटा आणि गुळगुळीत असतो. चमचाभर, म्हणजे साधारण 10 ग्रॅम अळशीत असे दीड-दोन हजार दाणे येतात. त्यात चार ग्रॅमच्या आसपास तेल असतं आणि त्या तेलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3. हे तेल दाण्याच्या आतल्या दोन दळांत, पेशी-पेशींत साठवलेलं असतं. बाहेरून त्याला दोन पहारेकरी आहेत. पहिला म्हणजे चिवट, तंतुमय टरफल. त्यातला सेल्युलोज तोडणारं विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. दुसरा म्हणजे टरफलाच्या अगदी वरच्या थरातला डिंकासारखा पदार्थ. पाणी लागलं की तो फुगून बुळबुळीत होतो. चमचाभर अळशी रात्री वाटीत भिजत घाला. सकाळी पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत झालेलं असतं, आणि त्यातून उचललेला दाणा मात्र साबूत. दाताखालीही तो याच बुळबुळीतपणामुळे निसटतो, म्हणून दात चांगले असणाऱ्यांचेही बरेच दाणे न फुटता गिळले जातात.

कोंबडीला ही अडचण येत नाही. तिच्या पोटात एक जाड मांसल पिशवी असते आणि तिने टिपलेले खडे तिथे दाणे रगडतात. तिचं जातं पोटातच आहे. आपलं जातं म्हणजे दात, आणि तिथून सुटलेला दाणा पुढे फोडायला काहीच नाही.

हे माणसांवर तपासूनही पाहिलं आहे. नेदरलँड्समध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 निरोगी माणसांना आळीपाळीने अख्खी, भरडलेली आणि बारीक दळलेली अळशी दिली. अळशीत लिग्नॅन नावाची संयुगं असतात. आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात आणि मग ती रक्तात येतात. बारीक दळलेल्या अळशीतून मिळालेलं प्रमाण 100 धरलं, तर भरडलेलीतून 43 आणि अख्खीतून 28 इतकंच मिळालं. मला यातला 43 हा आकडा जास्त बोलका वाटतो. मिक्सर एकदा फिरवून काढलेल्या भरडीने अर्धंही काम होत नाही. ओमेगा-3 बाबत कॅनडातल्या संशोधकांनी 2008 साली असंच दाखवलं: दळलेली अळशी खाणाऱ्यांच्या रक्तात ते वाढलं, अख्खी खाणाऱ्यांच्या रक्तात लक्षणीय वाढ दिसली नाही.

अख्खी अळशी अगदीच वाया जाते असं मात्र नाही. तो बुळबुळीत थर आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि पोट साफ व्हायला मदत करतो. मावशीला तेवढा फायदा होतच होता. त्यासाठी सोबत भरपूर पाणी प्यायला हवं.

मग भाजायचं कशाला? दाण्यातला ओलावा जावा म्हणून. पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. सादळलेली अळशी मिक्सरमध्ये चिवट होते आणि पात्याखाली चिकटून बसते. भाजलेला दाणा ठिसूळ होतो, चटकन फुटतो. शिवाय कच्च्या अळशीत थोडी सायनाइड देऊ शकणारी संयुगं असतात. चमचाभराने काही बिघडत नाही, पण भाजल्यावर ती कमी होतात.

पुडीसाठी जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, 100 ग्रॅम अळशी सतत हलवत पाच-सहा मिनिटं भाजा. तडतड सुरू होते, दाणे थोडे फुगतात. एक दाणा थंड करून दातांनी तोडा. कट्‌कन तुटला तर झालं, चिवट लागला तर अजून मिनिटभर. या पुडीत मी तीळही घालते, पण ते वेगळे भाजायचे. ते लवकर होतात आणि एकत्र टाकले तर अळशी होईपर्यंत ते करपून कडू होतात. भाजलेलं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना दळलं तर वाफ भांड्यातच अडकते.

दळताना मिक्सर तीन-चार सेकंद फिरवायचा, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचा. सलग चालवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि पुडीचा गोळा होतो. तिळात निम्मं तेलच असतं, त्यामुळे ते आणखी लवकर गोळा होतात. म्हणून मी आधी अळशी बारीक करून घेते आणि तीळ शेवटी टाकून दोन-तीनदाच फिरवते. तिळाचं टरफल पातळ असतं, त्याला एवढंच पुरतं. मग चिमूटभर पूड पांढऱ्या बशीत पसरून पाहायची. चकचकीत, टोकदार दाणे दिसले तर ते अजून अख्खे आहेत. पूड चाळायची आणि वर राहिलेलं पुन्हा फिरवायचं.

पूड ताजीच का खायची, याचं कारणही अळशीच्या तेलातच आहे. क्रिकेटच्या बॅटला चोळतात ते हेच जवसाचं तेल. हवेतला प्राणवायू घेऊन ते सुकतं, घट्ट होतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. टरफल शाबूत असेतो आतलं तेल सुरक्षित असतं. दळलं की तेच तेल हवेला उघडं पडतं. बिघडलेल्या पुडीला ऑइलपेंटसारखा वास येतो आणि ती जिभेच्या मागे कडवट लागते. अशी पूड टाकून द्यावी. तीळ या बाबतीत दणकट आहेत. त्यांच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल नगण्य असतं, आणि भाजताना त्यातल्या सेसॅमोलिनपासून सेसॅमॉल तयार होतं, जे खवटपणा रोखतं. म्हणून नुसतं तिळकूट बाहेर टिकतं, पण अळशी घातलेलं मी आठवड्यापुरतंच करते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवते.

मासे खाणाऱ्या घरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बांगड्यात आणि तारलीत जे लांब साखळीचं ओमेगा-3 तयार असतं, ते आपलं शरीर अळशीपासून फारच थोडं बनवतं. अळशी बांगड्याची जागा घेत नाही.

मावशी शाकाहारी आहे. आता ती दोन लहान चमचे पूड गरम मऊभातावर मीठ-तुपासोबत घालून खाते. कवळीला काही टोचत नाही, आणि ते जसंच्या तसं बाहेर पडणं थांबलं आहे.