सहयोगी कंपनीचा नफा आपल्या एकत्रित हिशेबात: कोणी, कसा आणि कोणत्या कागदांवर दाखवायचा

अंबडच्या एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि सिन्नरच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत तिचे ३० टक्के शेअर, असं उदाहरण धरू. नावं मुद्दाम घेत नाही, आकडेही समजायला सोपे घेतलेत. मालक सप्टेंबरमध्ये हमखास विचारतात, "पैसे आले तीन लाख, मग तुम्ही बारा लाख नफा कसा लिहिता?" प्रश्न रास्त आहे.

आधी पात्रता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(६) नुसार एकूण मतदान अधिकारापैकी किमान २० टक्के हातात असतील, किंवा कराराने व्यावसायिक निर्णयांवर नियंत्रण अथवा त्यांत सहभाग असेल, आणि ती आपली उपकंपनी नसेल, तर ती सहयोगी कंपनी. म्हणजे १५ टक्के शेअर असूनही करारात अशी कलमं असू शकतात. करार वाचल्याशिवाय 'लागू नाही' असा शेरा मारू नका. अशी एक जरी सहयोगी कंपनी असली, तरी कलम १२९(३) प्रमाणे एकत्रित वित्तीय पत्रकं करावी लागतात. उपकंपनी नाही म्हणून सुटका होत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात.

आता बारा लाखांचं. सिन्नरच्या कंपनीला करानंतर ४० लाख नफा झाला, त्यातला आपला ३० टक्के हिस्सा १२ लाख. तिने एकूण १० लाख लाभांश वाटला, त्यातले आपल्याला ३ लाख आले. फक्त लाभांश लिहिला तर गुंतवणूक कशी चालली आहे ते कळत नाही: ज्या वर्षी कंपनी कमावते पण वाटत नाही, त्या वर्षी शून्य, पुढे जुना साठा वाटला की अचानक भरभराट. शिवाय संचालक मंडळात आपला माणूस बसलेला असताना लाभांश कधी काढायचा यावर आपलंही वजन असतं. मग आपल्याच नफ्याचा आकडा आपल्याच सोयीने हलवता येईल. म्हणून नफा ज्या वर्षी कमावला त्याच वर्षी हिस्सा दाखवायचा. मात्र नियंत्रण आपलं नाही, म्हणून तिची विक्री, यंत्रं, कर्ज ओळीओळीने मिसळायचं नाही. नफ्यातला हिस्सा एका ओळीत आणि गुंतवणूक एका ओळीत.

शेअर वर्षाच्या सुरुवातीला ९० लाखांना घेतले. तेव्हा कंपनीची निव्वळ मालमत्ता २५० लाख, तिचे ३० टक्के ७५ लाख. वरचे १५ लाख गुडविल, ते गुंतवणुकीच्या रकमेतच राहतं आणि वेगळं नमूद करतात. नव्वदमध्ये १२ मिळवले, लाभांशाचे ३ वजा केले: ९९ लाख. लाभांश इथे उत्पन्न नाही, आपल्याच हिश्शातली रक्कम हातात आली एवढंच. स्वतंत्र ताळेबंदात मात्र गुंतवणूक खरेदी किमतीलाच राहते आणि ३ लाख उत्पन्नात जातात. एकत्रित पत्रकात ते तिथून काढायला विसरलं की तेच पैसे दोनदा मोजले जातात.

आणखी एक. आपण सिन्नरला विकलेल्या मालापैकी काही तिथे शिल्लक आहे आणि त्यात आपला १ लाख नफा अडकला आहे, तर त्याचे ३० टक्के, म्हणजे ३० हजार, काढायचे. गुंतवणूक उरली ९८.७० लाख. ताळा असा: वर्षअखेर निव्वळ मालमत्ता २५० + ४० − १० = २८० लाख, तिचे ३० टक्के ८४, अधिक गुडविल १५, वजा ०.३०. जुळलं नाही तर बहुधा लाभांश चुकलेला असतो.

तोट्याचंही असंच चालतं, फक्त गुंतवणूक शून्यावर आली की हिस्सा लिहिणं थांबतं. तिच्या कर्जाला हमी दिली असेल तर त्या मर्यादेपर्यंत पुढचा तोटाही घ्यावा लागतो.

कागद जमवताना सहयोगी कंपनीची लेखापरीक्षित पत्रकं, शेअर घेतल्या दिवसाची तिची आर्थिक स्थिती, भागधारक करार, परस्पर व्यवहारांची आणि शिल्लक मालाची यादी मागा. तिच्या लेखा पद्धती आपल्यापेक्षा वेगळ्या असतील, समजा शिल्लक मालाचं मूल्य वेगळ्या पद्धतीने काढत असेल, तर आकडे आपल्या पद्धतीत बसवून घ्या. ही पत्रकं जुलैतच मागा; सप्टेंबरात त्यांचाच ऑडिटर मोकळा नसतो.

पत्रकांना जोडायच्या AOC-1 या फॉर्मच्या भाग 'ब' मध्ये धारणेची टक्केवारी, प्रभाव कशामुळे आहे त्याचं वर्णन आणि आपल्या वाट्याची निव्वळ संपत्ती विचारतात. इथे ८४ लाख येतात, ९८.७० नव्हे. मग एकत्रित पत्रकं कंपनी निबंधकाकडे भरायचा फॉर्म AOC-4 CFS, वार्षिक सर्वसाधारण सभेपासून ३० दिवसांच्या आत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क.

आणि मालकांचा दुसरा प्रश्न: या बारा लाखांवर प्राप्तिकर? नाही. करपात्र आहेत ते हातात आलेले ३ लाख.