घटीवर घट : अनेक पातळ्यांच्या बीओएमचा हिशेब आला कुठून

नाशिकच्या भांडी बाजारात किंवा सराफ बाजारात बिल करताना तीन गोष्टी धरतात: धातूचं वजन, घट आणि घडणावळ. वितळवताना, कातताना, घासताना जे जातं ती घट. गिऱ्हाईकही ती मान्य करतं, कारण धातू नेमका कुठे जातो हे त्याला दिसतं. पितळेचा एक गडू एका माणसाच्या हातून, एकाच धातूतून तयार होतो, म्हणून घटही एकदाच धरायची. पातळी एकच असल्यामुळे हा हिशेब बोटांवर होतो.

नाशिकच्याच सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये हीच घट एकावर एक चढते, आणि तिथे बोटांवरचा हिशेब चुकतो. ही अडचण जगभर कशी लक्षात आली आणि तिच्यावर कोणी काय उपाय काढला, हे समजून घेतलं तर आपल्या एक्सेल फाइलमधल्या बीओएममध्ये, म्हणजे एका मालाला कुठला भाग किती लागतो त्या यादीत, नेमकं काय चुकतंय हेही कळतं.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पुढच्या काळात सातपूर आणि नंतर अंबड उभं राहिलं. १९६४ पासून ओझरला मिग विमानांचा कारखाना होता, पुढे सातपूरला मायकोचा म्हणजे आताच्या बॉशचा आला. मोठ्या कारखान्यांच्या भोवती शीट मेटल, प्रेस पार्ट, मशिनिंग, पावडर कोटिंग करणारी छोटी युनिट उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवात जॉबवर्कने केली. माल पार्टीचा, आपली फक्त मजुरी, त्यामुळे घटीची काळजीही पार्टीचीच. ज्या दिवशी युनिटने स्वतःचं उत्पादन काढलं, उदाहरणार्थ इलेक्ट्रिकल पॅनेलचं कॅबिनेट, त्या दिवसापासून शीटही आपली, पावडरही आपली आणि रिजेक्शनही आपलंच झालं. हिशेबाची पद्धत मात्र बरेचदा जॉबवर्कच्या काळातलीच राहिली.

बाहेरच्या जगात हा प्रश्न दोन टोकांनी सुटत गेला. एक टोक लेखापालांचं. माल बनल्यानंतर खर्च मोजण्याऐवजी आधीच 'इतका लागायला हवा' असं प्रमाण ठरवावं आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडून बघावा, ही प्रमाणित खर्चाची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आकाराला आली. आपल्याकडे खर्च लेखापालांची संस्था १९४४ ची आणि त्यांच्यासाठीचा कायदा १९५९ चा. या परंपरेने सामान्य घट आणि असामान्य घट यांत फरक करायला शिकवलं. शीटवरून पार्ट कापताना कोपरे उरणारच, तो खर्च मालावर चढवायचा. कामगाराने चुकीची डाय लावून शंभर पार्ट घालवले, तर तो खर्च कॅबिनेटच्या किमतीत घालायचा नाही, वेगळा दाखवायचा. बीओएममध्ये जी टक्केवारी भरायची ती पहिल्या प्रकारचीच.

दुसरं टोक गणितज्ञांचं. १९५० च्या दशकात मूळचे हंगेरीचे अँड्र्यू वाझोन्यी अमेरिकेत उत्पादन नियोजनावर काम करत होते. कुठला भाग कशात किती जातो याचा तक्ता करून त्यांनी तो गणिताने सोडवला आणि त्याचं श्रेय गमतीने 'झेपार्टझॅट गोझिंटो' नावाच्या इटालियन गणितज्ञाला दिलं. असा माणूस कधी नव्हताच. इंग्रजीत 'द पार्ट दॅट गोज इन्टू', म्हणजे 'आत जाणारा भाग', असं भरभर म्हटलं की जे कानावर येतं, ते हे नाव. पण गोझिंटो तक्ता हे नाव टिकलं, आणि त्यातला नियमही अगदी सोपा आहे: एका मार्गातल्या संख्या एकमेकींना गुणायच्या, आणि वेगवेगळ्या मार्गांनी आलेली उत्तरं एकत्र मिळवायची.

आपल्या कॅबिनेटमध्ये हे लगेच दिसतं. एका कॅबिनेटला दोन दरवाजे, एका दरवाजाला आतून वेल्ड केलेल्या दोन पट्ट्या. म्हणजे कॅबिनेटला पट्ट्या दोन गुणिले दोन, चार. सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड पोलादाची शीट मात्र दोन वाटांनी येते. दरवाजाला थेट लागते, आणि पट्टीमधून पुन्हा लागते. सपाट यादी करणारा माणूस यातली दुसरी वाट हमखास विसरतो.

गणित सुटलं तरी ते हाताने करणं अशक्य होतं. हजारो पार्ट, प्रत्येकाचं कार्ड, आणि शीटचा दर बदलला की सगळी कार्डं पुन्हा काढायची. १९५६ मध्ये आयबीएमने चकतीवर माहिती साठवणारं यंत्र आणलं, आणि हवं ते कार्ड क्रमाने न चाळता थेट काढता येऊ लागलं. १९६० च्या दशकात त्याच कंपनीने बीओएम साठवायचा प्रोग्रॅम दिला. जोसेफ ऑर्लिकी यांनी जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत मालाच्या गरजेचं नियोजन संगणकावर बसवलं. १९७५ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं.

त्या काळातली एक युक्ती आजही प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, ती म्हणजे सर्वांत खालची पातळी नोंदवून ठेवणं. बीओएम म्हणजे फांद्या फुटत खाली जाणारं झाडच; एखादा पार्ट त्या झाडात अनेक ठिकाणी असेल, तर तो सर्वांत खोल जिथे आहे तीच त्याची पातळी. खर्च चढवताना खोल पातळीपासून सुरुवात करायची. आधी शीटचा दर, मग पट्टी, मग दरवाजा, शेवटी कॅबिनेट. हा क्रम चुकला तर दरवाजाच्या खर्चात पट्टीचा जुना भाव बसतो आणि कुठेही चूक झाल्याची खूण दिसत नाही.

आता घटीसकट आकडे घालून बघू. दर फक्त उदाहरणासाठी धरलेत: शीट ७० रुपये किलो, पावडर २४० रुपये किलो. मजुरी सध्या बाजूला ठेवू.

तयार पट्टीचं वजन ४५० ग्रॅम. कटिंगमध्ये घेतलेल्या शीटच्या १० टक्के जातं, म्हणून शीट घ्यायची ०.४५ भागिले ०.९, म्हणजे अर्धा किलो. पट्टीचा खर्च ३५ रुपये.

दरवाजाला १.८ किलो शीट, तितकीच घट, म्हणून २ किलो आणि १४० रुपये. पावडर २०० ग्रॅम, त्यात २० टक्के उडून जाते, म्हणून २५० ग्रॅम आणि ६० रुपये. पट्ट्या दोन, पण वेल्डिंगमध्ये ४ टक्के पट्ट्या वाकतात किंवा जळतात. दोन भागिले ०.९६ म्हणजे २.०८३ पट्ट्या, ७२.९२ रुपये. एका दरवाजाचा खर्च झाला २७२.९२ रुपये.

कॅबिनेटला दरवाजे दोन, जुळवणीत ३ टक्के रिजेक्ट. दोन भागिले ०.९७, गुणिले २७२.९२. उत्तर ५६२.७२ रुपये. घट अजिबात धरली नसती तर हेच ४७४ आलं असतं.

```
खर्च(वरचा) = बेरीज[ खर्च(खालचा) × संख्या / (1 − घट) ] + मजुरी
```

यातली फक्त पट्टीची शीट बघा. चार पट्ट्यांचं निव्वळ वजन १.८ किलो, आणि उचलावी लागली २.१५ किलोच्या आसपास. म्हणजे निव्वळापेक्षा १९ टक्क्यांहून जास्त. बीओएममध्ये या वाटेवर १०, ४ आणि ३ असेच आकडे लिहिलेत, त्यांची बेरीज १७. अंबडच्या एका युनिटमध्ये मी अशीच फाइल पाहिली आहे: सगळ्या टक्क्यांची बेरीज करून शेवटी एका ओळीत 'वेस्टेज' म्हणून लावलेली. शेठजींना कोटेशन बरोबर वाटायचं, आणि महिन्याच्या शेवटी शीट नेहमी कमी पडायची. स्टोअरवाल्यावर संशय घेऊन झाला, वजनकाटा तपासून झाला. दोष गणिताचा होता. खालच्या घटीवर वरची घट चढते, त्यांची बेरीज होत नाही.

दुसरी चूक भागाकाराच्या जागी गुणाकार करण्याची. १० टक्के घट म्हणून दरवाजाच्या १.८ किलो शीटला १.१ ने गुणलं की १.९८ किलो येतं. त्यातलं १० टक्के गेलं की हातात १.७८२ किलो उरतं. दरवाजाला १८ ग्रॅम कमीच पडले. एका ओळीत हा फरक किरकोळ दिसतो, पण सगळ्या ओळींवर असंच केलं तर आपल्या कॅबिनेटचे दरवाजे ५५२.६४ रुपयांना बसतात, सुमारे १० रुपये कमी. गंमत अशी की काही सॉफ्टवेअर टक्केवारी वरून चढवतात आणि काही भागतात. आपलं सॉफ्टवेअर कुठल्या जातीचं आहे हे एका मिनिटात कळतं: १०० नग आणि १० टक्के घट घालून बघायचं. ११० आलं तर वरून चढवतं, १११.११ आलं तर भागतं. पहिल्या जातीचं असेल तर टक्केवारीच बदलून भरायची. घेतलेल्या मालाच्या १० टक्क्यांसाठी तिथे ११.११ लिहावं लागतं.

पूर्णांकाचा मोहही टाळायला हवा. २.०८३ पट्ट्या कोणी लावत नाही हे खरं, म्हणून काही जण तिथे २ करतात आणि घट पुसून टाकतात, तर काही जण ३ करतात आणि पट्टीचा खर्च दीडपट होतो. खर्च चढवताना दशांश तसेच ठेवायचे. पूर्णांक करायची जागा म्हणजे ऑर्डर. १०० कॅबिनेटला ४२९.५५ पट्ट्या निघतात, तिथे ४३० कापायला सांगायच्या.

आणि एकच रिजेक्शन दोनदा धरलं जातं. जुळवणीतले ३ टक्के दरवाजाच्या ओळीवर लिहिलेले असतात, आणि कोणीतरी संपूर्ण कॅबिनेटवरही ३ टक्के लिहून ठेवतं. तसं केलं की बिजागरी, कुलूप, बॉडी सगळंच फुगतं. पूर्ण कॅबिनेट भंगारात जात असेल तरच ती टक्केवारी वर लिहायची. पुन्हा घासून पावडर मारलेला दरवाजा तर रिजेक्ट धरायचाच नाही, त्याची जादा पावडर आणि मजुरी वेगळी लिहायची.

टक्केवारी खरी आहे का, हे भंगाराच्या ढिगावरून कळतं. वरच्या आकड्यांप्रमाणे १०० कॅबिनेटच्या दरवाजांसाठी सुमारे ६२७ किलो शीट उचलली जायला हवी. त्यातली ५४० किलो चांगल्या दरवाजांतून बाहेर पडते, म्हणजे ८७ किलो भंगार उरायला हवं. त्यात ६३ किलो कटिंगचे कोपरे आणि २४ किलो रिजेक्ट पट्ट्या-दरवाजे. हे दोन ढीग वेगळे ठेवून भंगारवाल्याच्या गाडीआधी वेगळे तोलले, की कुठली ओळ चुकली ते समजतं. कोपऱ्यांचा ढीग ९० किलोचा निघाला तर शीटवरची मांडणी बदला किंवा १० चा आकडा वाढवा. रिजेक्टचा ढीग वाढला तर वेल्डिंगच्या आणि जुळवणीच्या ओळी तपासा, आणि तिथे आधी लक्ष द्या, कारण त्या ढिगातल्या दरवाजावर पट्ट्या, पावडर आणि तिघांची मजुरी चढलेली असते, पण भंगारवाला त्याला शीटच्या कोपऱ्यापेक्षा कमीच भाव देतो.