अखर्चित निधी दुसऱ्या शीर्षाखाली वळवण्याचे पत्र : पार्श्वभूमी

परदेशी अनुदानातील शिल्लक रक्कम खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात वळवायची झाली, तर परवानगी मागण्याचा व्यवहार दीर्घकाळ प्रामुख्याने देणगीदार आणि संस्था यांच्यातला होता. अनेक करारनाम्यांत मंजूर शीर्षात साधारण दहा टक्क्यांपर्यंत फेरबदल करण्याची मुभा असे आणि त्यापलीकडे लेखी पूर्वसंमती लागे. १९७६ च्या परकीय योगदान नियमन कायद्याचा भर पैसा कोणाकडून कोणाला येतो यावर होता. प्रशासकीय खर्चावर पन्नास टक्क्यांची मर्यादा २०१० च्या कायद्याने घातली, आणि ती इतकी सैल होती की लहान संस्थांना पत्र लिहिताना तिचा विचार क्वचितच करावा लागे.

२९ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही मर्यादा वर्षभरात मिळालेल्या परकीय योगदानाच्या वीस टक्क्यांवर आणली. त्यापलीकडे खर्च करायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. देणगीदाराची संमती तिथे पुरत नाही.

समजा, मुख्यतः प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला वर्षात वीस लाखांचे एकच परकीय अनुदान मिळाले आणि त्यात प्रशिक्षणासाठी आठ लाख, क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी आठ लाख व प्रशासनासाठी चार लाख मंजूर आहेत. आचारसंहितेमुळे काही शिबिरे रद्द होऊन दीड लाख शिल्लक राहिले. कार्यालयाचे भाडे वाढले म्हणून ते प्रशासनाकडे वळवण्यास देणगीदार राजी असला, तरी तो खर्च साडेपाच लाखांवर, म्हणजे साडेसत्तावीस टक्क्यांवर जाईल, आणि वार्षिक विवरणपत्र एफसी-४ भरताना तो स्वतंत्रपणे दाखवावा लागेल. तेच दीड लाख गावोगाव माहिती गोळा करणाऱ्यांच्या किंवा प्रशिक्षकांच्या मानधनाकडे वळवले तर अडचण येत नाही, कारण मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थांच्या बाबतीत नियमांनी अशा कामावरील वेतन प्रशासकीय खर्चात धरलेले नाही. हा भेद माझ्या मते न्याय्य आहे. मात्र एकच लेखापाल आणि एका खोलीचे कार्यालय असलेल्या लहान संस्थेला वीस टक्के फार तोकडे पडतात, कारण तिचे भाडे आणि हिशेबाचा खर्च अनुदान लहान आहे म्हणून कमी होत नाही.

म्हणून आजच्या पत्रात मूळ तरतूद, प्रत्यक्ष खर्च, शिल्लक आणि प्रस्तावित तरतूद यांच्या तक्त्याबरोबरच बदलानंतरची प्रशासकीय टक्केवारी आणि वाढीव मानधन घेणारी व्यक्ती नेमके कोणते काम करते, हेही लिहिणे इष्ट असते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील शिल्लक वळवायची असेल, तर पत्र पाठवण्याची घाई करावी लागते. जानेवारी २०२१ पासून चालू प्रकल्पातील अखर्चित रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत कंपनीला स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते, आणि संस्थेकडे नुसती वर्ग केलेली रक्कम खर्च झाली असे मानले जात नाही. त्यामुळे हे पत्र मार्चअखेर गेले तर उत्तर येईपर्यंत रक्कम परत करण्याची मागणी आलेली असते. शिल्लक राहणार हे जानेवारीच्या हिशेबात दिसताच ते पाठवावे.