रात्री गोधडी भिजते? अलार्म नेण्याआधी हे वाचा

आमच्या मेडिकलमध्ये काही पालक येतात आणि दुकानात दुसरं कोणी नाही ना हे बघून मग अंथरूण ओलं होताच वाजणाऱ्या अलार्मबद्दल हळूच विचारतात. त्यांच्यासाठी हा कागद काढला आहे. घरी नेऊन निवांत वाचा, आजीलाही वाचून दाखवा.

पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा मुलं रात्री अंथरुणात शू करतात. दहाव्या वर्षीही शंभरात पाच असतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गात आणखी एखादा असेलच, फक्त त्याच्या घरचेही गप्प आहेत. ही सवय नाही, आळस नाही आणि दृष्ट तर अजिबात नाही. मूल झोपेत असताना हे घडतं, म्हणून ओरडून ते थांबत नाही. उलट ओलं अंथरूण लपवायला मात्र मूल शिकतं.

होतं काय, तर रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं. काही मुलांत ते कमी पडतं आणि लघवी दिवसाइतकीच साठत राहते. काहींची लघवीची पिशवी वयाच्या मानाने थोडंच धरते. आणि या दोन्ही प्रकारच्या मुलांना पिशवी भरल्याची हाक झोपेत ऐकू येत नाही. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या सासूबाई काउंटरवरच बोलून गेल्या, “ह्येचो बापूस पण चौथीपर्यंत गोधडी भिजवायचो!” बापूस शेजारीच उभा होता. त्या मुलाला त्या दिवशी कुठल्याही औषधापेक्षा जास्त बरं वाटलं असेल.

त्याच मुलाची गोष्ट सांगतो. वय आठ, तिसरीत, आठवड्यातून पाच-सहा रात्री अंथरूण ओलं. डॉक्टरांनी आधी पोट साफ होतं का विचारलं. होत नव्हतं. आतड्यात मळ साचला की पिशवीला जागा कमी पडते, त्यामुळे पहिले तीन आठवडे उपचार बद्धकोष्ठतेवरच झाले. दुसरी गोष्ट शाळेची निघाली. शाळेतलं शौचालय नको वाटतं म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नव्हता. मग संध्याकाळी घरी येऊन तहानेने तांब्यावर तांब्या, आणि रात्री जेवताना सोलकढी. त्याला पाण्याची बाटली सकाळी अर्धी आणि दुपारी अर्धी संपवायला सांगितलं. जेवणानंतर मात्र फक्त घोटभर पाणी.

मग मोजणी. शनिवार-रविवारी घरी असताना मापाच्या भांड्यात लघवी करायला लावली. सकाळची पहिली वेळ सोडायची आणि बाकीच्यांतला सर्वात मोठा आकडा घ्यायचा. किती भरायला हवी याचा हिशेब सोपा आहे: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. आठ वर्षांना २७० मिली. त्याचा मोठ्यात मोठा आकडा १५० निघाला. पिशवी लहान, म्हणून डॉक्टरांनी अलार्म सुचवला. पिशवी वयाप्रमाणे भरत असेल आणि रात्री लघवीच खूप होत असेल, तर रात्रीची लघवी कमी करणाऱ्या गोळीचा उपयोग जास्त होतो. ही मोजणी न करता अलार्म नेऊ नका, असं आम्ही विकणारे असूनही सांगतो.

यंत्र साधं आहे. चड्डीला पुढे सेन्सर लावायचा, वायर बनियनच्या आतून वर घ्यायची आणि डबी खांद्यापाशी अडकवायची. पहिले थेंब पडले की ती वाजते. पण पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत मुलाशिवाय सगळे उठतात. इथेच लोक चिडून यंत्र परत आणतात. मूल आवाजाने उठत नाही म्हणूनच तर अलार्म लावायचा आहे. सुरुवातीला आईने किंवा वडिलांनी त्याच खोलीत झोपायचं आणि वाजलं की त्याला पूर्ण जागं करायचं. डबी त्याच्याच हाताने बंद करून घ्यायची, उरलेली शू करायला पाठवायचं, चड्डी बदलायची आणि सेन्सर पुसून पुन्हा लावायचा. उचलून मोरीवर नेऊन झोपेतच शू करवली तर रात्र कोरडी जाईल, पण मूल शिकणार काही नाही.

या मुलाकडे जूनमध्ये सुरू केलं, तेव्हा दोन अडचणी आल्या. वीज गेली, पंखा बंद झाला की घामाने अलार्म वाजायचा. एकावर एक दोन सुती चड्ड्या घालून सेन्सर त्यांच्या मध्ये लावला, तेव्हा खोटं वाजणं थांबलं. दुसरं म्हणजे शौचालय परसात. पावसात, अंधारात आठ वर्षांचं पोर तिथे जाणार कसं? न्हाणीघरात झाकणाची बादली ठेवली आणि बॅटरीवरचा छोटा दिवा रात्रभर चालू ठेवला. गादीवर रेक्झिन घातलं, कारण आपल्याकडे श्रावण संपेपर्यंत गोधडी वाळत नाही.

चौथ्या आठवड्यातही तो रोज भिजतच होता. आई म्हणाली, फरक काही नाही. वहीत मात्र फरक दिसत होता: आधी सगळं अंथरूण ओलं व्हायचं, आता ताटाएवढा डाग, आणि अलार्म रात्री बाराऐवजी पहाटे तीनला. हीच सुधारणेची पहिली खूण. चार आठवड्यांत यातलंही काही दिसलं नाही तर डॉक्टरांकडे परत जा. त्याला ओळीने चौदा रात्री कोरड्या जायला अकरा आठवडे लागले. दिवाळीच्या आधी पुन्हा भिजू लागला, तेव्हा अलार्म परत लावला आणि तीन आठवड्यांत थांबलं. असं परत सुरू होणं नेहमीचं आहे. अलार्म नीट वापरणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं कोरडी होतात, सगळी नाहीत.

गणपतीत माजघरात वीस माणसं ओळीने झोपलेली असताना अलार्म चालत नाही. अशा वेळी किंवा सहलीसाठी डॉक्टर डेस्मोप्रेसिन देतात. ही गोळी त्या संप्रेरकाचंच काम करते, त्या रात्रीपुरतं. बंद केली की बऱ्याच मुलांत पुन्हा सुरू होतं. चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही, रागावू नका. नेहमीची गोळी झोपण्याच्या सुमारे तासभर आधी देतात. जायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडा-दोन आठवडे आधी घरीच देऊन बघा.

एक गोष्ट मात्र पक्की पाळा: गोळीच्या एक तास आधीपासून नंतर आठ तास पाणी, दूध, सरबत बंद, फार तर एखादा घोट. लघवी कमी होते आणि वरून पाणी प्यायलं, तर रक्तातलं मीठ उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, गुंगी दिसली तर पुढची गोळी देऊ नका आणि डॉक्टरांना लगेच सांगा. झटका आला तर थेट दवाखाना. ताप, जुलाब किंवा उलट्या असतील त्या दिवशी गोळी टाळा. याच औषधाचा नाकाचा फवारा कोणाकडे जुना पडलेला असेल तर तो यासाठी वापरू नका.

काही मुलांना अलार्मही नको, आधी डॉक्टर हवेत. दिवसाही चड्डी ओली होते, लघवी करताना जळजळ होते किंवा धार बारीक आहे, मूल रात्री जोरात घोरतं, किंवा सहा महिने कोरडं राहून अचानक भिजू लागलं. आणि तहान खूप लागून वजन उतरत असेल तर त्याच दिवशी साखर तपासा.

अलार्म आमच्याकडे भाड्याने मिळतो. यंत्र तेच, सेन्सर प्रत्येक घराला नवा. परत करताना आतले सेल काढून ठेवा, पावसाळ्यात ते गळतात. पिशवी कोरी देतो, वर काही छापलेलं नसतं.