अहवालातला आकडा चलनापर्यंत कसा न्यावा: टॉवेल कारखानदारांसाठी माहितीपत्रक

महिन्याच्या अहवालात घट किती ते तुम्ही वाचता आणि विचारता, "हा आकडा आला कुठून?" या प्रश्नाला फाईलमधूनच उत्तर मिळाले पाहिजे. आमच्या ग्राहकांच्या शीट आम्ही कशा मांडतो आणि ती मांडणी तुम्ही स्वतः कशी तपासाल, हे पुढे दिले आहे.

फाईलमध्ये दोनच शीट ठेवा. एकीचे नाव 'नोंदी', दुसरीचे 'अहवाल'. नोंदीमध्ये एका चलनाला एकच ओळ. A स्तंभात दिनांक, B मध्ये चलन क्रमांक, C मध्ये माग क्रमांक, D मध्ये दिलेले सूत किलोत, E मध्ये आलेला टॉवेल किलोत, F मध्ये शेरा. या शीटमध्ये बेरीज नको, मधे रिकामी ओळ नको, जोडलेले रकाने नकोत. मधेच 'एकूण'ची ओळ घातली की सूत्र तीही मोजते आणि माल दुप्पट दिसतो. महिनाअखेरीस मागावर उरलेले सूत उणे आकड्याने नोंदवा आणि पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला तेच अधिक करून घ्या. नाहीतर मागावर गुंडाळलेले सूत घटीत जाते.

अहवालात हाताने टाइप केलेला आकडा एकच: B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख. बाकी सगळी सूत्रे. B3 मध्ये सूत, B4 मध्ये टॉवेल, B5 मध्ये घट:

```
B3: =SUMIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!A:A,">="&B1,'नोंदी'!A:A,"<="&EOMONTH(B1,0))
B4: =SUMIFS('नोंदी'!E:E,'नोंदी'!A:A,">="&B1,'नोंदी'!A:A,"<="&EOMONTH(B1,0))
B5: =(B3-B4)/B3
```

आता एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोडवरचा एक कारखाना आहे, असे समजा. ऑगस्टच्या अहवालात सूत 6,200 किलो, टॉवेल 5,704 किलो आणि घट 8 टक्के दिसते. मालकांचा अंदाज साडेचार-पाच टक्क्यांचा. अशा वेळी विणकरांना बोलावण्याआधी शीट उघडा. B4 वर क्लिक केले की सूत्र E स्तंभाकडे बोट दाखवते. म्हणून नोंदीत ऑगस्टचा फिल्टर लावून E स्तंभ बघायचा. तिथे दोन रकान्यांत आकडे डावीकडे सरकलेले दिसतात, बाकीचे उजवीकडे. त्या दोन रकान्यांत कोणीतरी '118 किलो' आणि '92 किलो' असे लिहिले आहे. 'किलो' हा शब्द शेजारी आला की तो रकाना संख्या राहत नाही, मजकूर होतो. SUMIFS मजकूर सोडून देते आणि कुठलीही चूक दाखवत नाही. म्हणून ही चूक आम्हाला सगळ्यात घातक वाटते. 'किलो' खोडले की टॉवेल 5,914 किलो होतो आणि घट 286 किलो, म्हणजे 4.6 टक्के. 210 किलो टॉवेल आलेला होता, फक्त मोजला गेला नव्हता.

ही चूक डोळ्यांवर सोडू नका. अहवालात B7 मध्ये हे लिहा:

```
=COUNTA('नोंदी'!E2:E2000)-COUNT('नोंदी'!E2:E2000)
```

पहिला भाग भरलेले रकाने मोजतो, दुसरा फक्त संख्या असलेले. उत्तर 0 आले पाहिजे. वरच्या उदाहरणात ते 2 आले असते. D आणि A स्तंभांसाठीही असेच सूत्र ठेवा, कारण मजकूर झालेली तारीखही SUMIFS ला सापडत नाही. नोंदी 2,000 च्या पुढे जाणार असतील तर तो आकडा वाढवा.

Excel मध्ये Data Validation लावून रकान्यात फक्त संख्याच टाइप होईल असे करता येते, आणि ते कराच. मात्र दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला आकडा त्यातून निसटतो, म्हणून B7 ची तपासणी तरीही लागते.

चूक सुधारण्याची रीत जपा. 'किलो' खोडताना आकडा तोच राहतो, म्हणून ते जागेवरच करायला हरकत नाही. पण आकडाच चुकला असेल, समजा 118 ऐवजी 181 पडला असेल, तर जुनी ओळ तशीच ठेवा. खाली त्याच चलन क्रमांकाची नवी ओळ घाला, E मध्ये −63 आणि शेऱ्यात कारण लिहा. तारीख मूळ चलनाचीच द्या, म्हणजे फरक त्याच महिन्यात पडेल. सूत्राच्या शेवटी +63 किंवा −63 जोडून हिशेब जुळवू नका. सहा महिन्यांनी ते 63 कशाचे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशी जोड कुठे दडली आहे का ते बघायला अहवालात `Ctrl` आणि `` ` `` एकत्र दाबा. सगळी सूत्रे उघडी दिसतात, पुन्हा दाबले की आकडे परत येतात.

यानंतरचा पल्ला कागदाचा आहे. B स्तंभातला क्रमांक घेऊन चलनाच्या फाईलमध्ये जा आणि वजन जुळवा. काट्यावरच वजन चुकले असेल तर ते कुठलेही सूत्र पकडणार नाही. म्हणून महिन्याला चार-पाच चलने स्वतः काढून बघा.

पहिली फाईल आमच्याकडून मांडून घ्यायची असेल, तर येताना एका महिन्याची मूळ चलने आणा. तयार बेरजांचा कागद नको.