एक इंजेक्शन, दोन प्रश्न

आधी झालेल्या अभ्यासांचा आढावा सिस्टिमॅटिक घ्यायचा की स्कोपिंग, हे प्रश्नावर ठरतं. एका इंजेक्शनवरून पाहू. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यामुळे पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. याची पहिली चाचणी न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण बहुतेक लहान होत्या. एकेकटी पाहिली तर ठाम काही हाती लागत नव्हतं. त्या सगळ्या एकत्र मांडल्यावर मात्र बाळ दगावण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी घटते असं दिसलं. असा आढावा छापून यायला १९८९ उजाडलं. वैद्यकीय अभ्यासांचे असे आढावे तयार करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा म्हणजे यातल्याच सात चाचण्या. मधल्या वर्षांत किती बाळं हकनाक गेली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

‘या इंजेक्शनने बाळं वाचतात का?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर देणारा असा आढावा म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. यात प्रश्न टोकदार असतो: कोणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत, आणि काय झालं? शोध कसा घ्यायचा हे आधीच लिहून ठेवतात, दोघेजण स्वतंत्रपणे लेख निवडतात. मग प्रत्येक चाचणी किती भरवशाची आहे हे तपासतात. ही पायरी गाळली, तर कच्च्या आणि पक्क्या पुराव्याला एकच वजन मिळतं.

आता दुसरा प्रश्न. २०१५ साली सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगावही होतं. ही इंजेक्शनं गावपातळीपर्यंत पोहोचवली, तेव्हा एकूण नवजात मृत्यू उलट सुमारे १२ टक्क्यांनी जास्त आढळले. इंजेक्शन मिळालेल्या अनेक बायकांचं बाळंतपण प्रत्यक्षात वेळेआधी झालंच नव्हतं. मग विचारावंसं वाटतं: सोनोग्राफी नसलेल्या ठिकाणी गरोदरपणाचे आठवडे कोण मोजतं, कसं मोजतं, इंजेक्शनचा निर्णय कोण घेतं, आणि यावर आजवर कोणत्या प्रकारचा अभ्यास झालाय?

इथे टक्केवारी काढण्यासारखं काही नाही. मुलाखती, सरकारी अहवाल, सर्वेक्षणं, चाचण्या असं सगळं मिसळलेलं साहित्य आहे. म्हणून इथे स्कोपिंग रिव्ह्यू हवा. त्याचा प्रश्न ऐसपैस असतो: कोणते लोक, कोणती संकल्पना, कोणती परिस्थिती? शोधाची शिस्त तीच, पण शेवटी निकालाऐवजी नकाशा हाती येतो: कुठे काम झालंय, कुठे जागा रिकामी आहे. प्रत्येक अभ्यासाचा भरवसा तपासणं इथे सहसा बंधनकारक नसतं.

नेमकी इथेच चूक होते. भरवसा न तपासता ‘बारापैकी नऊ अभ्यासांत फायदा दिसला, म्हणून उपाय चालतो’ असं लिहिलं जातं. स्कोपिंग रिव्ह्यूत असं वाक्य दिसलं तर लेखकाने प्रश्न एक घेतला आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं असं समजावं. निवड करताना मी शेवटचं वाक्य आधी लिहून पाहते. ते ‘हे द्यावं’ किंवा ‘देऊ नये’ असं होणार असेल, तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची मेहनत टाळता येत नाही. ‘एवढं माहीत आहे, एवढं नाही’ असं होणार असेल, तर स्कोपिंग पुरतो.